झेंडावंदनाचं साडेतीन मिनिटांचं भाषण: बेळगावातल्या एका सोसायटीचं प्रकरण

पार्श्वभूमी

आमची सोसायटी बेळगावातली, पन्नासेक फ्लॅटची, काँग्रेस रोडपासून फार लांब नाही एवढंच सांगतो, नाव सांगत नाही कारण यातली सगळी माणसं रोज लिफ्टमध्ये भेटणारी आहेत. निम्म्याच्या आसपास घरं मराठी, त्याखालोखाल कन्नड, मग दोन-चार कोंकणी, एक-दोन उर्दू बोलणारी, आणि सांबऱ्याच्या एअरफोर्स स्टेशनला नोकरी असलेली भाडेकरू मंडळी, त्यांची भाषा हिंदी. मराठा लाइट इन्फंट्रीतून रिटायर झालेले एक सुभेदार साहेब आहेत. सगळ्यात लहान मूल पाळण्यात आणि सगळ्यात मोठ्या आजी ऐंशीच्या पुढच्या. मी कमिटीत सेक्रेटरीचं काम बघतो त्यामुळं हे सगळं जवळून बघितलंय.

पंधरा ऑगस्टला आमच्याकडे झेंडावंदन दरवर्षी होतं, गेटच्या आत खांब आहे, त्याला लागूनच खालचं पार्किंग. पद्धत ठरलेली होती. चेअरमन झेंडा फडकवणार, राष्ट्रगीत, मग चेअरमनचं भाषण, मग "दोन शब्द" बोलायला माजी चेअरमन, मग एखादे प्राध्यापक, मग ज्यानं साउंड सिस्टीमचे पैसे दिले तो, आणि शेवटी जिलेबी. आदल्या वर्षी हे सगळं मिळून तासाच्या वर गेलं होतं. एकट्या चेअरमनचं भाषणच वीस-पंचवीस मिनिटं चाललं, त्यात 1857 पासून सुरुवात होती आणि शेवट मेंटेनन्सच्या थकबाकीवर झाला. पोरं पहिल्या पाच मिनिटांत सायकलींकडं पळाली, आणि एक आजोबा, ज्यांना शुगर आहे आणि ज्यांनी झेंड्याआधी काही खायचं नाही असं ठरवलेलं, ते चक्कर येऊन भिंतीला टेकले. त्यांना खुर्ची दिली, जिलेबीचा तुकडा दिला, ते सावरले, पण सगळ्यांच्या लक्षात तो प्रसंग राहिला.

त्यानंतर नवीन चेअरमन निवडून आले. बँकेतून रिटायर झालेले, मितभाषी, मुलं त्यांना चेअरमन काका म्हणतात. जुलैच्या मीटिंगमध्ये त्यांनी विषय काढला की यंदा भाषण लहान करायचं आहे पण हलकं करायचं नाही. हे "पण" महत्त्वाचं होतं आणि पुढचं सगळं त्याभोवतीच फिरलं.

अडचण नेमकी काय होती

लहान भाषण म्हणजे लांब भाषणाला कात्री, असं बहुतेकांना वाटतं. आमच्याकडं पहिला मसुदा तसाच झाला होता. जुन्या भाषणातली अर्धी वाक्यं काढली आणि उरलं काय, तर "असंख्य हुतात्म्यांच्या बलिदानातून", "या पवित्र दिनी", "आजच्या तरुण पिढीनं". एकेक वाक्य बरोबरच आहे, पण ती कुठल्याही गावात, कुठल्याही वर्षी, कुणीही म्हणू शकेल अशी होती. आठ वर्षांच्या मुलाला त्यातलं एकही चित्र डोळ्यासमोर येत नाही आणि ऐंशीच्या आजींनी ती शाळेपासून ऐकलेली आहेत. म्हणजे वेळ वाचला, पण ऐकण्यासारखं काही उरलं नाही.

दुसरी अडचण आमच्या भागाची. बेळगावात मराठी की कन्नड हा प्रश्न कुणाला नवा नाही, आणि माइकवर कोणती भाषा आधी येते याकडं लोकांचे कान असतात. नुसतं मराठीत बोललं तर कन्नड घरांना वाटतं आपण पाहुणे आहोत, तिन्ही भाषांत सगळं बोललं तर भाषण तिप्पट होतं. आणि घोषणेचा प्रश्न तर त्याहून नाजूक. "जय महाराष्ट्र" म्हटलं की एका बाजूच्या भुवया वर, "जय कर्नाटक" म्हटलं की दुसऱ्या बाजूच्या.

तिसरी अडचण मानपानाची होती आणि खरं सांगायचं तर सगळ्यात चिवट तीच. ज्यांना दरवर्षी बोलायला मिळायचं त्यांना आता नाही म्हणायचं कसं?

कोणते पर्याय समोर होते

एक पर्याय असा आला की भाषणच नको, झेंडा, राष्ट्रगीत आणि नाश्ता. तरुण मंडळींचा याला जोर होता. पण सुभेदार साहेब म्हणाले, "झेंडा वर गेल्यावर माणसं एकमेकांकडं बघतात ओ, तेव्हा कुणीतरी काहीतरी बोलायला पाहिजे, नाहीतर नुसती हजेरी झाली." ते सगळ्यांना पटलं.

दुसरा पर्याय मुलांकडून भाषणं करून घ्यायचा. दिसायला छान, पण मुलं पाठ करून येतात, पालक मोबाईल घेऊन पुढं येतात, आणि एकाला घेतलं की दहाजणांना घ्यावं लागतं. वेळ परत तिथंच.

तिसरा, जो शेवटी घेतला, तो म्हणजे बोलणारा एकच, वेळ साडेतीन ते चार मिनिटं, गोष्ट एकच आणि तीही याच गावातली. चार मिनिटं कुठून आली तर त्याचं माप आम्ही उभं राहू शकणाऱ्या सगळ्यात अशक्त माणसावरून घेतलं. झेंडा फडकताना आणि राष्ट्रगीताला सगळे उभे असणार, पूर्ण राष्ट्रगीताला 52 सेकंद लागतात, आधी जमायला आणि रांगा व्हायला पाच-सात मिनिटं जातातच. म्हणजे गुडघे दुखणारा माणूस भाषण सुरू व्हायच्या आधीच सात-आठ मिनिटं उभा असतो. त्याच्यात वर किती मागायचं, हा प्रश्न होता. शिवाय ज्येष्ठांना भाषणाच्या वेळी बसवायचं असंही ठरलं, खुर्च्या पार्किंगमध्ये, म्हणजे पाऊस आला तरी अडचण नाही. ऑगस्टातला बेळगावचा पाऊस विचारून येत नाही.

मानपानाचा तिढा चेअरमन काकांनी असा सोडवला की मान शब्दांतून द्यायचाच नाही, हातातून द्यायचा. झेंडा चेअरमननं न फडकवता सोसायटीतल्या सगळ्यात वयस्क आजींनी फडकवायचा. माजी चेअरमनना विचारलं की तुम्ही राष्ट्रगीताला आवाज लावाल का, कारण त्यांचा आवाज खरंच खणखणीत आहे आणि मोबाईलवर लावलेल्या ट्रॅकबरोबर कुणीच मोकळेपणी गात नाही. प्राध्यापक मॅडमना मुलांच्या रांगा दिल्या. साउंड सिस्टीमवाल्यांना भाषण नको होतंच, त्यांना फक्त विचारलं पाहिजे होतं. असं प्रत्येकाच्या वाट्याला काम आलं आणि "दोन शब्द" आपोआप गळाले. या एका निर्णयानं जेवढा वेळ वाचला तेवढा मसुद्यातल्या कुठल्याच काटछाटीनं वाचला नाही.

गोष्ट कोणती निवडायची

इथं सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो जायलाच पाहिजे होता.

बेळगावला गोष्टींची कमी नाही. लोकमान्य टिळकांनी 1916 मध्ये होमरूल लीग इथंच सुरू केली. कित्तूरची राणी चन्नम्मा आपल्याच जिल्ह्यातली. तिच्यासाठी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाची गोष्ट तर अंगावर काटा आणणारी, जन्म पंधरा ऑगस्टचा सांगतात आणि इंग्रजांनी नंदगडला फाशी दिली ती तारीख 26 जानेवारी 1831, म्हणजे आपले दोन्ही राष्ट्रीय सण एका माणसाच्या आयुष्याच्या दोन टोकांना. सुभेदार साहेबांना हीच गोष्ट हवी होती आणि त्यांचं म्हणणं वजनदार होतं. पण रायण्णाची लढाई नीट सांगायची तर कित्तूरचं संस्थान, दत्तकाचा वाद, कंपनी सरकार हे सगळं आधी सांगावं लागतं, चार मिनिटांत ते घाईचं होतं. शूराची गोष्ट घाईत सांगितली तर फक्त फाशी लक्षात राहते, तो लढला कशासाठी ते राहून जातं.

मग विचार 1924 च्या काँग्रेस अधिवेशनाकडं वळला. महात्मा गांधी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते इथं, त्या डिसेंबरात. हे बेळगावकरांना माहीत असतं, शाळेत सांगतात, फलक आहेत, शताब्दीही झाली. म्हणून चेअरमन काका आधी नको म्हणत होते, "सगळ्यांना पाठ आहे ते." पण त्यातली विहीर मात्र पाठ नाही. अधिवेशनाला येणाऱ्या लोकांच्या पाण्यासाठी जी विहीर खणली ती आजही आहे, आमची पोरं स्कूल बसमधून तिच्यावरूनच जातात आणि तिच्याकडं बघत नाहीत. गोष्टीचा एक भाग डोळ्यांनी बघता येतो हे कळलं तेव्हा निर्णय झाला. शिवाय विहिरीला भाषा नाही. गंगाधरराव देशपांडे स्वागताची धुरा सांभाळत होते, हर्डीकरांच्या हिंदुस्थानी सेवा दलाचे स्वयंसेवक राबत होते, आणि अशा कामात मराठी कुठं संपते नि कन्नड कुठं सुरू होते हे आज सांगताही येणार नाही.

मुलांसाठी मात्र विहीर पुरत नव्हती, मुलांना गोष्टीत मूल लागतं. ते प्राध्यापक मॅडमनी आणून दिलं. त्या अधिवेशनात गांधीजींसमोर स्वागतगीत म्हणणाऱ्या मुलींत पुढं गायिका गंगूबाई हनगल म्हणून ज्यांना देशानं ओळखलं त्या होत्या, जन्म 1913 चा, म्हणजे वय अकरा. त्यांच्या आठवणीत आणखी एक गोष्ट आहे, की जातीमुळं आपल्याला नंतर साफसफाई करायला लावतील अशी धास्ती त्या मुलीला होती. ही ओळ मसुद्यात ठेवायची की काढायची यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. मॅडम म्हणत होत्या ठेवा, तेच खरं आहे. चेअरमन काका म्हणाले की ते एका ओळीत सांगून पुढं जाण्यासारखं नाही, मुलं "का?" विचारतील आणि त्या "का"ला उत्तर द्यायला वेळ हवा. शेवटी ती ओळ भाषणात नाही, पण नाश्त्याच्या वेळी मॅडम मुलांना वेगळं बसवून ती सांगणार असं ठरलं. मला स्वतःला ती ओळ भाषणात असती तर आवडलं असतं, स्वातंत्र्य कुणाला किती मिळालं होतं हे त्या एका धास्तीत कळतं.

भाषेचं काय केलं

शुभेच्छा तिन्ही भाषांत आणि कन्नड आधी, कारण आपण राहतो कर्नाटकात आणि यजमानानं शेजाऱ्याला आधी विचारावं यात कमीपणा काही नाही. कन्नड ओळ चेअरमन काकांनी शेजारच्या कन्नड ताईंकडून घोटून घेतली. गोष्ट मराठीत, पण सोप्या मराठीत. मसुद्यातले "प्रेरणास्थान", "स्मृतिप्रीत्यर्थ" असले सगळे शब्द काढले, जे कन्नड आणि हिंदी शेजाऱ्यांनाही अंदाजानं कळतील असे शब्द ठेवले, पाणी, विहीर, गाणं, पाहुणे. घोषणा एकच, जय हिंद. आणि त्याच मीटिंगमध्ये हेही ठरलं की खांबावर आणि खांबाच्या बरोबरीनं तिरंग्याशिवाय दुसरा कुठलाही झेंडा किंवा पताका लागणार नाही. ध्वजसंहितेतच तसं आहे, त्यामुळं कुणाला वाईट वाटायचं कारण उरलं नाही, नियम वाचून दाखवला आणि विषय संपला.

भाषण, जसं झालं तसं

"एल्लरिगू स्वातंत्र्य दिनाचरणेय शुभाशयगळु. सर्वांना स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा. आप सभी को स्वतंत्रता दिवस की बधाई।

आज झेंडा आपल्या आजींच्या हातून वर गेला. या अंगणात सगळ्यात जास्त पंधरा ऑगस्ट त्यांनी बघितलेत.

मुलांनो, तुम्हाला एक प्रश्न. आपल्या काँग्रेस रोडला एक मोठी जुनी विहीर आहे. कुणी कुणी बघितलीय? हात वर करा.

ती विहीर कुठल्या राजानं बांधली नाही. 1924 साली डिसेंबर महिन्यात बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन होतं. देशभरातून हजारो पाहुणे येणार होते. अध्यक्ष कोण, तर महात्मा गांधी. आयुष्यात ते एकदाच अध्यक्ष झाले, आणि ते आपल्या गावात.

आता एवढ्या पाहुण्यांना पाणी कुठलं द्यायचं? म्हणून विहीर खणली. भाषणं नंतर झाली, पाणी आधी लागलं. खणणाऱ्या माणसांची नावं आपल्यातल्या कुणालाच सांगता येणार नाहीत. ते घरी मराठी बोलायचे, कन्नड बोलायचे की उर्दू, तेही माहीत नाही. विहीर मात्र अजून तिथं आहे.

त्याच अधिवेशनात गांधीजींच्या समोर एका मुलीनं स्वागताचं गाणं म्हटलं. तिचं वय अकरा. सहावीतल्या मुलामुलींएवढी. तीच पुढं गंगूबाई हनगल झाली.

आपल्या जिल्ह्यात संगोळ्ळी रायण्णा देशासाठी फासावर गेला. कुणी जेलमध्ये गेलं. कुणी विहीर खणली. कुणी गाणं म्हटलं. हा झेंडा या सगळ्यांचा आहे.

मुलांनो, आज तुम्हाला एकच काम. संध्याकाळपर्यंत या बिल्डिंगमधल्या एका आजींना किंवा आजोबांना विचारायचं, स्वतःच्या घरातल्या नाही, दुसऱ्या घरातल्या. विचारायचं, तुम्ही लहान होता तेव्हा पंधरा ऑगस्ट कसा असायचा? ते ज्या भाषेत सांगतील त्या भाषेत ऐकायचं. नाही कळलं तर परत विचारायचं.

जय हिंद."

तयारीतल्या दोन-तीन गोष्टी

कागदावर हे दोनशेच्या आसपासच शब्द आहेत, घरात बसून वाचलं तर दोन मिनिटांत संपतं. पण चेअरमन काकांनी आदल्या संध्याकाळी खांबाजवळ उभं राहून माइकवर म्हणून बघितलं तेव्हा साडेतीन मिनिटं लागली. उघड्यावर आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत येतो, त्यामुळं प्रत्येक वाक्यानंतर थांबावं लागतं, आणि हात वर करायला मुलांना वेळ द्यावा लागतो. ज्यांना असं भाषण लिहायचंय त्यांनी घरातल्या घड्याळावर भरवसा ठेवू नये, जागेवर जाऊन म्हणून बघावं.

भाषण मोठ्या अक्षरात प्रिंट करून प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घातलं. मोबाईलवरून वाचायचं नाही असं ठरलं, पावसाचा एक थेंब स्क्रीनवर पडला की पान भलतीकडंच सरकतं.

झेंड्याची जबाबदारी सुभेदार साहेबांची. झेंडा खादीचा, हुबळीच्या बेंगेरीतला, तीन फूट बाय दोन. बऱ्याच ठिकाणी आदल्या रात्रीच झेंडा घडी करून वर बांधून ठेवतात, ते त्यांनी करू दिलं नाही. खादी रात्रभर भिजली की घडीला चिकटते आणि सकाळी दोरी ओढली तरी झेंडा बोळा होऊन लटकतो, आणि सुती दोरी भिजली की फुगून कप्पीत अडकते. म्हणून सकाळी सहाला त्यांनी कोरडा झेंडा आणला, केशरी पट्टा वर येईल असा तपासला, आत फुलांच्या पाकळ्या घातल्या, त्याला नियमात मुभा आहे, आणि एका ओढीत सुटणारी गाठ मारून वर चढवला. नायलॉनची नवीन दोरी त्यांनीच आणली होती. आजींच्या हाताला ताकद कमी, म्हणून ती गाठ त्यांनी तीनतीनदा स्वतः एका बोटानं ओढून बघितली. हे एवढं बारीक सांगायचं कारण असं की झेंडा अडकला तर त्यापुढचं कितीही चांगलं भाषण कुणी ऐकत नाही, सगळे वर खांबाकडं बघत राहतात.

त्या सकाळी काय झालं

पाऊस भुरभुर होता. आजी पांढऱ्या नऊवारीत आल्या, नातवाचा हात धरून. दोरीला हात लावायच्या आधी त्यांनी पायातली चप्पल काढून बाजूला ठेवली, कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी दोरी ओढली, गाठ सुटली, पाकळ्या थोड्या त्यांच्या डोक्यावर आणि बऱ्याचशा ओल्या फरशीवर पडल्या, झेंडा उघडला. राष्ट्रगीत माजी चेअरमननी सुरू केलं आणि पहिल्या ओळीनंतर सगळे गायला लागले, मोठ्यानं, ट्रॅक नव्हता म्हणून.

मग सगळे चार पावलं मागं पार्किंगमध्ये आले, ज्येष्ठ मंडळी बसली आणि भाषण झालं. कन्नड ओळीला मागून एका काकांनी "शुभाशयगळु री!" म्हणून उत्तर दिलं, तिथंच वातावरण सैल झालं. विहीर कुणी बघितलीय या प्रश्नाला मुलांपेक्षा मोठ्यांचेच हात जास्त वर गेले आणि मुलं मागं वळून त्यांच्याकडं बघायला लागली. अकरा वर्षांची मुलगी म्हटल्यावर आमच्या तिसऱ्या मजल्यावरची एक सहावीतली पोर एकदम ताठ उभी राहिली. भाषण संपल्यावर क्षणभर कुणी हललं नाही, कारण एवढ्यात संपेल असं कुणाला वाटलंच नव्हतं, मग टाळ्या.

एक गडबड मात्र झाली. टाळ्या संपायच्या आत एका सभासदांनी माइक हातात घेतला आणि पार्किंगमधल्या पाहुण्यांच्या गाड्यांबद्दल सूचना सुरू केली. चेअरमन काकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून "जिलेबी गार होते ओ, हे नोटीस बोर्डावर लावू" म्हटलं आणि माइक बंद केला. त्या गृहस्थांना थोडं लागलं, ते नाश्त्याला थांबले नाहीत, दुसऱ्या दिवशी चेअरमन काका त्यांच्या घरी जाऊन आले.

मुलांना दिलेलं काम किती जणांनी केलं? सगळ्यांनी नाही. सातवी-आठवीच्या पुढच्यांनी तर जवळजवळ कुणीच नाही. पण लहानांनी केलं. एक मराठी मुलगा दुसऱ्या विंगमधल्या कन्नड अज्जींकडं गेला, त्याला कळेना, तर तो खाली येऊन तिथल्याच एका कन्नड मुलीला वर घेऊन गेला. अज्जींनी सांगितलं की त्या लहान असताना पहाटे प्रभातफेरी निघायची, शाळेत पेपरमिंटच्या दोन गोळ्या मिळायच्या आणि एक गोळी त्या घरच्या धाकट्या भावासाठी पदराला बांधून आणायच्या. हे त्या मुलानं संध्याकाळी खाली येऊन सगळ्यांना सांगितलं. संध्याकाळी झेंडा सुभेदार साहेबांनी सावकाश उतरवला तेव्हा सकाळपेक्षा कमी, पण तरी बरीच मुलं आपणहून उभी होती. पूर्वी झेंडा उतरवायला वॉचमन एकटा असायचा.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली गोष्ट भाषेची. ज्या अज्जींनी पेपरमिंटची गोष्ट सांगितली त्यांच्या सुनेनं नंतर स्पष्ट सांगितलं की शुभेच्छा कन्नडात होत्या ते बरं वाटलं, पण विहिरीची गोष्ट अज्जींना कळली नाही, त्या फक्त टाळ्या वाजवत होत्या. हे खरं आहे. सोपी मराठी ठेवली तरी ज्यांनी आयुष्यभर कन्नडच वापरली त्या वयस्क माणसांपर्यंत ती पोचत नाही, आणि नेमकी तीच माणसं समोर खुर्च्यांवर बसलेली असतात. यावर उपाय म्हणजे गोष्टीचा कन्नड गोषवारा एखाद्या कन्नड मुलीनं एका मिनिटात सांगायचा. भाषण साडेचार मिनिटांवर जाईल. माझ्या मते ते चालेल, कारण ते मिनिट ऐकणारा आणि ते मिनिट नुसता उभा राहणारा यांची अदलाबदल होते, आधीच्या साडेतीन मिनिटांत ज्यांना काही मिळालं नाही त्यांना ते मिळतं. पण याच्या वर नाही. तिसऱ्या भाषेतही गोषवारा द्यायचा मोह आवरावा लागेल, हिंदी घरांनी स्वतःच सांगितलंय की त्यांना मराठी पुरेशी समजली.

दुसरं, मोठी मुलं. त्यांना आजींना जाऊन विचारायचं काम लहान मुलांचं वाटलं. त्यांना विहिरीवर पाठवून फोटो आणि चार ओळींची माहिती आणायला सांगितलं असतं, आदल्या रविवारी, तर भाषणाच्या वेळी तो मोठा प्रिंट चेअरमन काकांच्या मागं लावता आला असता आणि ज्यांनी विहीर कधी बघितली नाही त्यांनाही ती दिसली असती.

तिसरं, स्पीकरचं तोंड पार्किंगच्या आत होतं. ज्यांना खाली येता येत नाही, दोन पेशंट आहेत आमच्याकडं, ते बाल्कनीत उभे होते आणि त्यांना राष्ट्रगीत ऐकू आलं पण भाषण नाही. एक छोटा स्पीकर वरच्या बाजूला वळवून ठेवला की झालं, खर्च काही नाही.

आणि माइक. भाषणानंतर माइक बंद करून ऑपरेटरकडं न ठेवता थेट कपाटात जायला पाहिजे, म्हणजे कुणाला अडवायची वेळच येत नाही.

26 जानेवारीसाठी गोष्ट वेगळी घ्यायची आहे, कारण तो दिवस संविधानाचा. पण ती तारीख रायण्णाच्या फाशीचीही आहे, आणि सुभेदार साहेबांनी आत्तापासून सांगून ठेवलंय की या वेळी नंदगड सोडायचं नाही. चेअरमन काका तयार आहेत, फक्त कित्तूरचा दत्तकाचा वाद सहा वर्षांच्या मुलाला दोन वाक्यांत कसा सांगायचा यावर सध्या दोघांची रोज संध्याकाळी बाकावर चर्चा चालू आहे.